चौथा खेळ: डोंबिवलीतल्या एका दुकानदाराचं निरोपाचं भाषण

फडके रोडपासून आत वळणाऱ्या एका गल्लीत काकांचं खेळांचं दुकान होतं. दहा फूट रुंद आणि खोलीला जेमतेम पंधरा. सुरुवातीला कॅरम, बुद्धिबळ, ल्यूडो आणि पत्ते. पुढे शेवटची बारा-तेरा वर्षं एका भिंतीवर परदेशी बोर्ड गेमचे खोकेही आले. काउंटरवर शनिवार-रविवार मी सात वर्षं उभी राहिले. गुडघ्यांमुळे काकांनी दुकान बंद करायचं ठरवलं, तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांना एका संध्याकाळी बोलवायचं आणि चार शब्द बोलायचे, असं ठरलं. ते भाषण लिहायला मी त्यांच्यासोबत बसले होते. ते कसं तयार झालं, त्यात काय आलं आणि काय गाळलं, हे इथं मांडते. कारण कुठल्या घराला कुठला खेळ द्यायचा हे काका कसं ओळखायचे, ते त्या भाषणाइतकं स्पष्ट त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं.

पहिला मसुदा त्यांनी एकट्यानं लिहिला होता. दोन पानं, सगळे आभार. "आपण दाखवलेला विश्वास", "आपलं प्रेम", वगैरे. त्यांनी तो मला वाचून दाखवला, मधेच थांबले आणि कागद बाजूला ठेवला. म्हणाले, "हे कापडाच्या दुकानातही चालेल." मग त्यांनी खणातून वही काढली.

त्या वहीशिवाय हे प्रकरण समजणार नाही. लाल पुठ्ठ्याची, लांबट, उधारी लिहायला वापरतात तशी. पण तिच्यात उधारी नव्हती. एका घराला एक पान. वर नावाऐवजी खूण: "बँकेतल्या ताई", "तिसरा मजला, लिफ्ट नाही", "रात्रपाळी". खाली घरात कोण कोण, कोणता खेळ नेला, आणि उजवीकडे एक आकडा. तो आकडा किमतीचा नाही. खेळ नेल्यावर पंधरवड्यात गिऱ्हाईक पुन्हा दिसलं की काका विचारायचे, "किती वेळा उघडला?" जे उत्तर मिळेल ते तिथं लिहायचे. शून्य किंवा एक असेल, तर तो खेळ चुकीचा दिला असं ते धरायचे, मग खोका कितीही महाग विकला गेलेला असो. अशा घराला ते पंधरा दिवसांत बदलून द्यायचे. अट एकच: सगळे तुकडे समोर मोजून घेणार.

भाषण या वहीवरून करायचं ठरलं आणि लगेच अडचण आली. वहीत लोकांच्या घरातल्या गोष्टी होत्या. कोण हरल्यावर रुसतं, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचे हात थरथरतात. काकांच्या मनात ज्या पाच घरांबद्दल बोलायचं होतं, त्या प्रत्येक घरी त्यांनी फोन केला, त्या घराबद्दलचा परिच्छेद वाचून दाखवला आणि विचारलं, "हे चालेल का?" दोन घरांनी नको म्हटलं. ती पानं त्यांनी भाषणातून पूर्ण काढली, सूचकपणेसुद्धा ठेवली नाहीत. उरलेल्यांपैकी एका घरात ज्याच्याबद्दल बोलायचं होतं तो मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता, आता अकरावीत. काकांनी त्याच्या आईवडिलांची परवानगी पुरेशी मानली नाही. मुलाला दुकानात बोलावून कागद त्याच्या हातात दिला. त्यानं एक शब्द बदलायला सांगितला: "रडला" च्या जागी "चिडला". तो बदलला.

भाषण सोसायटीच्या गच्चीवर झालं, साठेक माणसं होती. काकांनी सुरुवात अशी केली:

"मंडळी, आभार मी शेवटी मानणार नाही, आधीच मानतो. तुम्ही माझ्याकडून खेळ घेतलेत त्याचे नव्हेत. खेळ कुठूनही मिळतो, आता तर घरपोच मिळतो. मी तुम्हाला जे प्रश्न विचारायचो त्यांची तुम्ही खरी उत्तरं दिलीत, त्याचे आभार. माणूस दुकानात शिरतो आणि म्हणतो, आठ वर्षांच्या मुलासाठी काहीतरी दाखवा. मी विचारायचो, तुमच्याकडे रात्री जेवण किती वाजता होतं? काहींना राग यायचा. पण तुम्ही सांगितलंत."

जेवणाच्या वेळेचा प्रश्न मी काउंटरवर शेकडो वेळा ऐकला होता. खोक्यावर वय, माणसं आणि मिनिटं छापलेली असतात. त्यातली मिनिटं ही सगळ्यांना नियम पाठ असताना लागणारी वेळ असते, पहिल्यांदा खेळताना ती सहज दुप्पट होते. डोंबिवलीत नोकरी करणारा माणूस लोकलनं घरी पोचतो, हातपाय धुतो, जेवतो, आणि सकाळी पुन्हा लवकरची गाडी. त्या घरात दीड तासाचा खेळ आठवड्यातून एकदाही उघडत नाही, मग तो जगात कितीही नावाजलेला असो. म्हणून काका आधी त्या घराकडे सलग किती वेळ आहे ते काढून घ्यायचे. त्यानंतर तीन प्रश्न. बसणार कोण कोण? नियम वाचून इतरांना सांगणार कोण? आणि हरल्यावर काय होतं? या चार उत्तरांतून भिंतीवरचे बहुतेक खोके आपोआप बाद व्हायचे. मुलाचं वय ते सर्वात शेवटी विचारायचे.

भाषणात दोन घरं त्यांनी थोडक्यात घेतली. पहिलं "रात्रपाळी"चं. नवरा-बायको, ती नर्स, दोघं एकाच वेळी जागे असायचे ते दिवसातून अर्धा तास. त्यांना त्यांनी "जयपूर" दिला होता, दोघांनीच खेळायचा पत्त्यांचा खेळ. माल गोळा करायचा, उंट पाळायचे, योग्य वेळी विकायचं. तो देण्यामागचं कारण काकांनी गच्चीवर नीट सांगितलं: "त्यात तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या असतात. एक फेरी झाली की थांबता येतं, राहिलेली उद्या. डाव मोडल्यासारखं वाटत नाही. ज्यांची वेळ तुटक आहे, त्यांना खेळही तुटणारा हवा."

दुसरं घर एका मुलाचं, जो "ऊनो" खेळताना सारखा लालवर हिरवा टाकायचा आणि भावंडं त्याला लबाड म्हणायची. आई पत्त्यांचा दुसरा खेळ मागायला आली होती. काकांनी काउंटरवर कॅरमची राणी ठेवली, शेजारी ल्यूडोची हिरवी सोंगटी, आणि मुलाला विचारलं, यातली लाल कुठली? तो आकार बघून बोलला, रंग बघून नाही. काकांनी आईला सांगितलं, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, खेळ नंतर. नंतर त्यांनी "डॉबल" दिला. गोल पत्ते, प्रत्येकावर आठ चित्रं, आणि कुठलेही दोन पत्ते घ्या, त्यांच्यात नेमकं एकच चित्र सारखं. ते आकारानं ओळखता येतं, रंग कळला नाही तरी अडत नाही. वहीत त्या पानावर आकडा आहे चाळीसच्या पुढे.

आता मुख्य घर. भाषणाचा अर्ध्याहून जास्त वेळ काकांनी यालाच दिला, आणि मला ते अगदी बरोबर वाटलं, कारण या घरात ते तीन वेळा चुकले होते आणि प्रत्येक चूक वेगळी होती.

घर पाच माणसांचं. आजोबा, वय सत्तरच्या वर, मोतीबिंदू पिकत आलेला, गप्पांची भारी आवड. वडील हिशेबात तरबेज, घाईचे. आई. मुलगी बारा वर्षांची. मुलगा सहा. दहा वर्षांपूर्वी आई दुकानात आली आणि म्हणाली, "सगळ्यांनी मिळून खेळायचं काहीतरी द्या, टीव्ही बंद करायचाय." त्या दिवशी दिवाळीची गर्दी होती. काकांनी प्रश्न विचारले नाहीत. "व्यापार" दिला.

गच्चीवर ते म्हणाले: "तो माझा आळस होता. व्यापार प्रत्येक घरात चालतो असं मी धरून चाललो. त्या खेळात ज्याचं दिवाळं निघतं तो बाहेर बसतो. आणि दिवाळं निघतं ते बहुधा सगळ्यात लहानाचं, कारण जे दिसेल ते तो विकत घेतो. हा सहा वर्षांचा मुलगा पाऊण तासात बाहेर गेला. पुढे दीड तास बाकीचे खेळत होते आणि तो बघत होता. शेवटी तो चिडला आणि बोर्ड उलटा केला. आईनं मला येऊन सांगितलं की मुलगा हट्टी आहे. मुलगा हट्टी नव्हता. मीच त्याला दीड तास नुसतं बसायला लावणारा खेळ विकला होता."

दुसऱ्या वेळी काकांनी विचार केला. कोणी बाहेर पडायला नको, कोणी हरायला नको, तर सगळे एका बाजूचे असलेला खेळ द्यावा. त्यांनी "पँडेमिक" दिला. जगभर रोगाची साथ पसरते आणि खेळणाऱ्यांनी मिळून ती आवरायची. तो चौघांचा, म्हणून मुलगा आईच्या मांडीवर बसून तिच्यासोबत खेळेल असं ठरलं. पंधरा दिवसांनी वहीत आकडा होता दोन. दुसऱ्यांदा मुलगी अर्ध्यावर उठून गेली होती.

यामागचं कारण काकांना लगेच कळलं नव्हतं. त्यांनी त्या घराला रविवारी दुकानात बोलावलं आणि काउंटरच्या मागे खेळायला बसवलं. मी तिथं होते. मुलीची पाळी आली, तिनं पत्त्यांकडे पाहिलं, आणि वडील म्हणाले, "तू असं कर, इथं जा, हे काढ." आजोबांची पाळी आली, वडील म्हणाले, "बाबा, तुम्ही हा पत्ता मला द्या." पाचही माणसं बसली होती आणि खेळत एकच होता. वडील वाईट माणूस नव्हे. त्यांना सगळ्यांना जिंकवायचं होतं. पण या खेळात सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना सांगितलेले चालतात, काहीच लपलेलं नसतं, आणि बाजू एकच असल्यामुळे "मी माझं बघतो" असं म्हणायला मुलीकडे कारणच उरत नाही. ज्याचं डोकं सर्वात भरभर चालतं, तो सगळ्यांचे डाव खेळून टाकतो. सहकारी खेळ विकणाऱ्यानं आधी हा एक प्रश्न विचारायला हवा: घरात असं कोणी आहे का, ज्याला दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घ्यायची सवय आहे?

तिसरा खेळ याच दुखण्यावर नेमका शोधलेला होता. "हानाबी". तोही सहकारी, पाच रंगांचे पन्नास पत्ते, पण हातातले पत्ते उलटे धरायचे. आपले पत्ते इतरांना दिसतात, आपल्याला नाही. संकेत मोजून द्यायचे, तेही एका रंगाबद्दल किंवा एका आकड्याबद्दल. वडिलांना सगळं दिसणं बंद, त्यामुळे हुकूम सोडणंही बंद. काका तेव्हा खूश होते, मला आठवतंय. त्यांनी त्या पानावर पेन्सिलीनं बरोबरची खूण आधीच करून ठेवली होती.

आकडा आला एक.

भाषणातला हा भाग त्यांनी सावकाश सांगितला: "मी वडिलांचा प्रश्न सोडवत बसलो आणि आजोबांना विसरलो. या खेळात ठरलेल्या संकेताशिवाय बोलायचं नसतं. आजोबा खेळायला यायचे ते बोलायला. 'अरे, माझ्याकडे तर काहीच नाही', 'बघ हा, आता गंमत', हे त्यांचं खेळणं. त्यांना प्रत्येक वाक्याला चूप करावं लागलं. आणि समोरच्याच्या हातातले आकडे चार फुटांवरून त्यांना दिसतच नव्हते. आईनं मला सांगितलं की घर शांत झालंय. तिनं टीव्ही बंद करायला सांगितलं होतं, घर बंद करायला नाही."

चौथ्या वेळी काकांनी कागदावर घरातली पाच माणसं उभी लिहिली आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट: खेळात त्याला काय नको. मुलाला बाहेर बसणं नको. मुलीला वडिलांचे हुकूम नकोत. आजोबांना गप्प बसणं नको आणि लांबचं वाचणं नको. वडिलांना नुसतं नशीब नको. आईला तासाच्या वर नको. मग ते खोक्यांसमोर उभे राहिले. त्यांनी जो काढला तो "कार्कासोन", 2000 साली जर्मनीत आलेला, दोन ते पाच जणांचा. बहात्तर चौकोनी टाइल. पाळी आली की एक टाइल काढायची, टेबलावरच्या नकाशाला जुळेल अशी लावायची, रस्त्याला रस्ता, तटबंदीला तटबंदी, आणि हवं तर तिच्यावर आपला लाकडी माणूस उभा करायचा. शहर किंवा रस्ता पूर्ण झाला की गुण मिळतात आणि माणूस परत हातात येतो.

आता हे त्या यादीशी लावून बघा. कोणीच बाहेर पडत नाही, शेवटच्या टाइलपर्यंत सगळे खेळात. एक पाळी अर्ध्या मिनिटाची, त्यामुळे सहा वर्षांचा मुलगा वाट बघून कंटाळत नाही, आणि टाइल जुळवणं त्याला वाचल्याशिवाय येतं, तिच्यावर अक्षर नसतं. टाइल टेबलावर सगळ्यांसमोर असते, म्हणून आजोबांनी कितीही बोलावं, नियम मोडत नाही. टाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेता येते. वडिलांना कुठं माणूस अडकवायचा आणि कुठं राखायचा याचा हिशेब करायला मिळतो.

राहिला हुकमाचा प्रश्न, आणि इथं काकांनी जे पाहिलं होतं ते मला आजही फार मोलाचं वाटतं. या खेळात वडील सल्ला देणार नाहीत असं नाही. ते देणारच. पण आता ते विरुद्ध बाजूला आहेत. "ही टाइल तिकडे लाव" असं ते म्हणाले की मुलगी विचार करते, यात बाबांचा फायदा काय? आणि नाही म्हणते. सहकारी खेळात वडिलांना नाही म्हणणं म्हणजे घरच्यांना हरवणं होतं. इथं नाही म्हणणं हाच खेळ.

खेळ देताना काकांनी खोका काउंटरवर उघडला. नमुन्याच्या डब्याला चिकटपट्टी मारून मारून कोपरे तपकिरी झाले होते. त्यांनी प्रत्येकाची सात-सात लाकडी माणसं मोजून वेगळ्या रबरबँडमध्ये बांधली आणि आईला बसवून दहा मिनिटं शिकवलं. वडिलांना नाही, मुद्दाम आईला. नियम जो सांगतो त्याच्याकडे घर बघतं, आणि वडिलांकडे आधीच सगळे बघत होते. मग एक नियम काढून टाकला: शेतकरी. या खेळात माणूस शेतात आडवा झोपवता येतो आणि त्याचे गुण अगदी शेवटी मोजतात. ते मोजणं अवघड असतं, आणि ज्याला ते जमतं तो शेवटच्या दोन मिनिटांत उडी मारून पुढे जातो. त्या घरात ते वडीलच असणार होते. "सहा महिने शेतकरी नाही," काका म्हणाले. "वडील कंटाळले असं दिसलं की घाला." शेतकऱ्याशिवाय खेळ थोडा सपाट होतो, हे त्यांना माहीत होतं. पण आधी तो खेळ त्या घरात टिकायला हवा होता. शेवटी त्यांनी टेबलावर फिकट रंगाची चादर घालायला सांगितलं, म्हणजे गडद टाइलच्या कडा आजोबांना नीट दिसतील.

पंधरवड्यानं आकडा आला नऊ.

गच्चीवर काका हे सांगत होते तेव्हा ते घर पहिल्या रांगेत बसलं होतं. चौघं. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. काकांनी त्यांचा उल्लेख सगळा वेळ "आजोबा" असाच केला, गेल्याचं बोलले नाहीत. तेही फोनवर विचारून ठरलेलं होतं.

भाषण पंचवीस मिनिटं चाललं. शेवटी त्यांनी सांगितलं की उरलेले खोके जवळच्या वाचनालयाला दिलेत, तिथं बसून खेळता येतील. नमुन्याचे डबेही तिथंच, तुकडे मोजून. मग म्हणाले, "कार्कासोन या घरात टिकला, कारण मी शेतकरी काढला. माझ्या सगळ्या वर्षांत मला एवढं एक जमलं." आणि बसले.

मुलगी उभी राहिली. आता बावीस वर्षांची आहे. म्हणाली, "काका, शेतकरी आम्ही तिसऱ्याच आठवड्यात घातला होता. बाबांनी पुस्तिकेत वाचला, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आईनं सांगितलं नाही. खेळ टिकला तो आजोबांमुळे. त्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं, तेव्हा आम्ही त्यांना दोन टाइल काढू द्यायला लागलो. दोन्ही हातावर घ्यायच्या, कोणीतरी त्यांना सांगायचं हिच्यात रस्ता आहे, हिच्यात शहर आहे, आणि ते एक निवडायचे. दुसरी परत पिशवीत. शेवटची दोन वर्षं तेच जास्त वेळा जिंकायचे."

काका उठले. गुडघ्यामुळे त्यांना वेळ लागला. पिशवीतून लाल वही काढली, त्या घराचं पान शोधलं, मला म्हणाले, "पेन दे." शेतकऱ्याबद्दलची ओळ त्यांनी एका रेघेनं खोडली. खाली लिहिलं: "आजोबांना दोन टाइल, निवड त्यांची." मग मुलीला विचारलं, "न निवडलेली टाइल परत पिशवीत टाकून पिशवी हलवायचात, की तशीच?"

"हलवायचो," ती म्हणाली.

त्यांनी तेही लिहिलं.